घरच्या शिकवणीची फी: मुलामागे की बॅचमागे?

जून जवळ आला की घरी शिकवण्या घेणाऱ्या बाईंना दोन तऱ्हेचे फोन येऊ लागतात. एक जुन्या पालकांचा असतो. "मॅडम, या वर्षी मुलं वाढली आहेत म्हणे तुमच्याकडे. मग फी थोडी कमी होईल ना?" दुसरा नव्यांचा. "आमच्या बिल्डिंगमधली पाच मुलं आहेत, सगळ्यांचं मिळून किती घ्याल?" दोन्ही विचारणा रास्त आहेत. पण दोघांना एकाच फोनवर, अंदाजाने उत्तर देऊन टाकलं तर वर्षभर त्या उत्तराशी बांधून घ्यावं लागतं, आणि दिवाळीपर्यंत कळून चुकतं की मुलं दुप्पट झाली, काम दुप्पट झालं, पैसे मात्र तेवढेच राहिले.

फी आकारायच्या दोन सरळ पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक मुलामागे दरमहा ठरावीक रक्कम घेतली जाते. सहा मुलं आली तर सहापट, चार उरली तर चारपट. दुसरीत पूर्ण बॅचची एक ठोक रक्कम ठरते आणि ती पालकांनी आपापसांत वाटून घ्यायची असते. डोंबिवली स्टेशनबाहेर हेच रोज दिसतं: शेअर रिक्षात सीटमागे पैसे द्यायचे, किंवा घाई असेल तर पूर्ण रिक्षा करायची. पूर्ण रिक्षा केली की आत दोन बसले काय आणि तीन बसले काय, रिक्षावाल्याला फरक पडत नाही. शिकवणाऱ्या बाईंना मात्र फरक पडतो, आणि तो कुठे पडतो हे नीट पाहिल्याशिवाय कुठली पद्धत आपली, हे ठरवता येत नाही.

त्यासाठी आधी महिन्याचं काम मांडून पाहावं लागतं. समजा, एका सोसायटीत राहणाऱ्या, बी.एस्सी. झालेल्या बाई दहावीचं गणित घरी शिकवतात. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी दीड तास. महिन्याला बारा दिवस धरले तर शिकवण्याचे अठरा तास झाले. त्याखेरीज पुढच्या धड्याची तयारी, उदाहरणं निवडणं, चाचणीचा पेपर काढणं यात महिन्याला पाच तास जातात. हे मिळून तेवीस तास. समोर एक मूल बसलेलं असो की आठ, हे तेवीस तास ठरलेले. वर्गसमीकरण एकदाच समजावून सांगायचं असतं, पेपर एकदाच काढायचा असतो.

आता दुसरं काम पाहा. प्रत्येक मुलाची वही आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं तपासली तर महिन्याचा एक तास झाला. महिन्यात दोन चाचण्या, प्रत्येक पेपर तपासायला पंधरा मिनिटं, म्हणजे आणखी अर्धा तास. शिवाय पालकांचे फोन, व्हॉट्सॲपवरचे निरोप, बुडलेला धडा वेगळा समजावून सांगणं, यात मुलामागे अर्धा तास सहज जातो. म्हणजे प्रत्येक मूल महिन्याला दोन तास घेऊन येतं. हे दोन तास वर्गाच्या वेळेत दिसत नाहीत. रात्री जेवणं आटोपल्यावर टेबलावर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलेल्या बाई घरच्यांनाच काय त्या दिसतात, त्यामुळे पालकांच्या हिशेबात ते येत नाहीत. वाईट याचं वाटतं की पुष्कळदा ते शिकवणाऱ्या बाईंच्याही हिशेबात येत नाहीत.

तेवीस तास बॅचचे आणि दोन तास प्रत्येक मुलाचे. पुढचा सगळा हिशेब या दोन आकड्यांवर उभा आहे. तुमचे आकडे वेगळे असतील; भाषा शिकवणाऱ्यांना निबंध तपासायला जास्त वेळ लागेल, पहिली-दुसरीच्या मुलांना जवळ बसवून अक्षरं गिरवून घ्यावी लागतील. पण काम दोन वाट्यांत विभागलेलं असतं, हे सगळीकडे खरं.

आपल्या बाईंनी ठरवलं की आपल्या तासाचे तीनशे रुपये सुटायला हवेत. हा दर मी केवळ उदाहरणासाठी धरला आहे. गावात, शहरात आणि विषयागणिक तो बदलणार. या दराने एकट्या मुलाला शिकवायचं तर तेवीस अधिक दोन, पंचवीस तासांचे ७,५०० रुपये होतात. तेवढे कुणी सहसा देत नाही, म्हणूनच तर बॅच असते. चार मुलं असली तर तास एकतीस आणि एकूण रक्कम ९,३००, म्हणजे मुलामागे २,३२५. सहा मुलं असली तर पस्तीस तासांचे १०,५०० आणि मुलामागे १,७५०. आठ झाली तर एकोणचाळीस तासांचे ११,७०० आणि मुलामागे साधारण १,४६०.

जुन्या पालकांच्या फोनचं उत्तर इथे अर्धं मिळतं. मुलं वाढली की मुलामागचा खर्च खरोखरच कमी होतो, तेव्हा त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण मुलं दुप्पट झाली म्हणून खर्च निम्मा होत नाही. चाराची आठ झाली तर तो २,३२५ वरून १,४६० वर येतो, १,१६० वर नाही. मधला फरक वह्यांचा आहे.

आता ठोक बॅच फी घेऊन पाहू. बाईंनी सहा मुलं गृहीत धरून बॅचचे १०,५०० सांगितले. सहा आहेत तोवर सगळं ठीक. मग बिल्डिंगमधल्या एका पालकांनी बहिणीच्या मुलाला आणलं, त्याच्या मागोमाग त्याचा मित्र आला. मुलं आठ झाली. पालकांचा वाटा १,७५० वरून साधारण १,३१० वर उतरला, सगळे खूश. बाईंच्या हातात मात्र तेच १०,५०० आले आणि काम पस्तीस तासांवरून एकोणचाळीस तासांवर गेलं. तासाचे तीनशे होते ते २६९ झाले. दहा मुलं झाली तर २४४ होतील. ठोक बॅच फीत नवं मूल घेतलं की सगळा फायदा आधीच्या पालकांचा होतो आणि सगळं जास्तीचं काम बाईंच्या वाट्याला येतं. ज्यांच्याकडे मुलं वाढत आहेत त्यांनी ही पद्धत घेऊ नये, असं मी म्हणतो ते याच कारणाने. यात पालकांचा काही डाव नसतो. ठरवतानाच तसं ठरलेलं असतं.

मुलं कमी झाली की हीच पद्धत उलटी फिरते. सहांपैकी एकाच्या वडिलांची नोव्हेंबरात बदली झाली. उरलेल्या पाचांचा वाटा १,७५० वरून २,१०० वर जातो. पाचही घरांत काही बदललेलं नाही, पण फी साडेतीनशेंनी वाढली. बिल्डिंगमधले पैसे गोळा करणाऱ्या ताई दारोदार हे समजावत फिरतात, कुणीतरी म्हणतं की आम्ही जुन्याच हिशेबाने देऊ, आणि पूर्वपरीक्षेच्या तोंडावर ते भांडण बाईंच्या दारात येतं. पैसे कोणी द्यायचे राहिले हे त्यांना माहीत नसतं आणि विचारताही येत नाही, कारण त्यांचा व्यवहार त्या एका ताईंशी ठरलेला. ज्या मुलाचे पैसे आलेले नाहीत ते मूल समोरच बसलेलं असतं, आणि कोणताही चांगला शिक्षक त्याला उठवत नाही. उठवूही नये.

मुलामागे फी घेतली की चित्र बदलतं. १,७५० प्रमाणे आठ मुलांचे १४,००० येतात आणि तासाला साधारण ३५९ पडतात. म्हणजे वाढीचा फायदा काम करणाऱ्याला मिळतो. पण धोकाही त्यांच्याकडे येतो. चारच मुलं उरली तर ७,००० रुपयांत एकतीस तास, म्हणजे तासाला २२६. तीन उरली तर १८१. बॅच सुरू केली आणि ती भरलीच नाही, तर पूर्ण वर्ष पदरमोड करून शिकवल्यासारखं होतं; आणि दहावीच्या मुलांना जानेवारीत, परवडत नाही म्हणून, वाऱ्यावर सोडता येत नाही.

म्हणून मुलामागे फी घ्यायची तर तो दर किती मुलांचा हिशेब धरून काढला, हा कळीचा प्रश्न ठरतो. पुष्कळ जण बॅच भरलेली आहे असं धरून दर काढतात. आठ मुलांची जागा आहे, तेव्हा १,४६० सांगून टाकतात, कारण शेजारच्या इमारतीत कुणी दीड हजार घेतं. मग आठाऐवजी पाच मुलं येतात आणि पहिल्या महिन्यापासून तोटा सुरू होतो. आकडा वर्षअखेरीपर्यंत नक्की टिकतील अशा मुलांचा धरावा. जागा आठांची असेल आणि दर वर्षी एक-दोन मुलं गळतात असा अनुभव असेल, तर सहांवर दर काढावा. आपल्या उदाहरणात तो १,७५० येतो. सहा टिकली तर ठरवलेले तीनशे मिळतात, सात-आठ झाली तर वरचा पैसा आपला, आणि एक गेलं तर २६५ वर भागतं. घर कोसळत नाही. यातच आणखी एक अट जोडावी: चार मुलांची नोंदणी झाल्याशिवाय बॅच सुरू होणार नाही, हे मे महिन्यातच पालकांना सांगून टाकावं. तीन मुलांवर बॅच काढून नंतर पस्तावण्यापेक्षा ते बरं.

हिशेबाला सर्वांत चोख अशी तिसरी पद्धतही आहे. बॅचच्या तेवीस तासांचे ६,९०० सगळ्यांनी वाटून घ्यायचे आणि वहीचे म्हणून प्रत्येकाने ६०० वेगळे द्यायचे. सहा मुलं असली की ६,९०० चा सहावा भाग ११५० आणि वर ६००, म्हणजे तेच १,७५०. मुलं कितीही झाली तरी बाईंना तासाचे तीनशेच पडतात आणि कुणावर अन्याय होत नाही. पण ही पद्धत पालकांपुढे ठेवू नये असं माझं मत आहे. दर महिन्याला बदलणारी फी कुणालाच आवडत नाही. घरखर्चात शिकवणीचा आकडा ठरलेला असावा लागतो. तेव्हा हा हिशेब स्वतःच्या डायरीत ठेवावा. पालकांना एकच आकडा सांगावा आणि तो वर्षभर बदलू नये.

मुलं वाढत असताना सर्वांत मोठी गोची होते ती जागा भरल्यावर आलेल्या नवव्या मुलाची. हॉलमध्ये आठच नीट बसतात. नऊ झाली तर एकाला सोफ्यावर वही मांडीवर घेऊन लिहावं लागतं. मुलाची आई ओळखीची, नाही म्हणवत नाही. मग बाई ठरवतात की दोन बॅच करू, एक साडेचारची, एक सहाची. पाच मुलं इकडे, चार तिकडे.

या निर्णयाचा हिशेब कागदावर मांडल्यावर धक्का बसतो. दुसऱ्या बॅचची तयारी नव्याने करावी लागत नाही, धडा तोच असतो, पण शिकवण्याचे अठरा तास पुन्हा द्यावेच लागतात आणि एखादा तास वरकामाचा जातो. म्हणजे दुसरी बॅच एकोणीस तासांची. पहिल्या बॅचचे तेवीस, दुसरीचे एकोणीस आणि नऊ मुलांच्या वह्यांचे अठरा, एकूण साठ तास. आठ मुलं होती तेव्हा एकोणचाळीस तास होते. एका मुलाने एकवीस तास वाढवले आणि १,७५० रुपये आणले. तासाचा दर ३५९ वरून २६२ वर घसरला. जास्त मुलं, जास्त फी, आणि तरीही कमी कमाई. शिवाय संध्याकाळ गेली ती वेगळीच.

मग दुसरी बॅच कधी काढायची? याच आकड्यांनी पाहिलं तर एकूण अकरा मुलं झाली की १९,२५० रुपये आणि चौसष्ट तास होतात, म्हणजे तासाला तीनशेच्या किंचित वर. बारा झाली तर ३१८. म्हणजे आठांची बॅच भरल्यावर नवव्या आणि दहाव्या मुलाचं नाव प्रतीक्षा यादीत लिहून ठेवावं आणि तिसरं नाव आल्यावरच दुसरी बॅच सुरू करावी. नवव्या मुलाच्या आईला तसं सरळ सांगता येतं: "आणखी दोन मुलं आली की नवीन बॅच काढते आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर कळवा." या वाक्याने कुणी दुखावत नाही, आणि पुष्कळदा त्या स्वतःच दोन मुलं आणतात.

हॉलमध्ये किती मुलं मावतात, यावर बॅचची मर्यादा ठरत नाही, हे इथे सांगायला हवं. ती शिकवण्याच्या दीड तासावरून ठरते. गणिताच्या वर्गात साधारण अर्धा तास समजावून सांगण्यात जातो आणि एक तास मुलं स्वतः उदाहरणं सोडवतात. या एका तासात बाई प्रत्येकाजवळ जातात. सहा मुलं असली तर प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात, आठ असली तर साडेसात, बारा असली तर पाच. दोन चलांतील रेषीय समीकरणांचं एक उदाहरण चुकलेलं असेल, तर चूक नेमकी कुठे झाली हे शोधायलाच दोन-तीन मिनिटं लागतात. मुलाने एक समीकरण दुसऱ्यातून वजा करताना पहिल्या पदाचं चिन्ह बदललेलं असतं आणि दुसऱ्याचं तसंच ठेवलेलं असतं. ते बोट ठेवून दाखवायचं, त्याच्याकडून पुन्हा करून घ्यायचं, आणि तसंच दुसरं उदाहरण देऊन खरंच कळलं का ते बघायचं. पाच मिनिटांत हे एकदाही धड पुरं होत नाही. मग बाई फळ्याशी उभ्या राहून उत्तर सांगतात आणि मुलं ते उतरवून घेतात.

बॅच हाताबाहेर गेल्याच्या खुणा लवकर दिसतात. वह्यांत तीन मुलांची चूक एकाच ओळीत, एकाच पद्धतीची सापडते, म्हणजे ती एकमेकांचं पाहून लिहिताहेत. शंका विचारणारी दोनच मुलं उरतात आणि मागची चार गप्प असतात. सोमवारी घेतलेल्या चाचणीचे पेपर पुढच्या सोमवारीही तपासून झालेले नसतात. यातलं काहीही दिसलं की मुलं घेणं थांबवावं, मग फी मुलामागे असो की बॅचमागे. मुलामागच्या फीचा खरा धोका इथेच आहे: प्रत्येक नव्या मुलामागे पैसे वाढत असल्याने थांबण्याचा मोह आवरावा लागतो. म्हणून बॅचची कमाल संख्या पालकांना आधीच सांगितलेली बरी. "आठच्या वर घेणार नाही" हा शब्द दिला की तो पाळावा लागतो, आणि फी थोडी जास्त असण्याचं कारणही पालकांना त्यात मिळतं. मुलं वाढल्यावर फी कमी करा म्हणणाऱ्या पालकांना खरी काळजी आपल्या मुलाकडे लक्ष कमी जाईल याची असते. फी शंभर-दोनशेने उतरवल्याने ती मिटत नाही.

ठोक बॅच फी सर्वस्वी टाकाऊ आहे असं मात्र नाही. दुसऱ्या प्रकारच्या फोनसाठी, म्हणजे पालकांनी स्वतः जमवलेल्या पाच मुलांसाठी, तीच योग्य. मुलं त्यांनी निवडली, वेळ त्यांच्या सोयीची, कधी कधी जागाही त्यांच्यातल्या एकाच्या घरातली. या बॅचमध्ये बाहेरचं मूल बाईंना घालता येत नाही, म्हणजे गळती झाली तर भरून काढायची सोय त्यांच्याकडे नाही. ज्यांनी गट बांधला, गळतीची जबाबदारी त्यांनीच घ्यावी हे न्याय्य आहे. सुट्टीतला महिनाभराचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग किंवा परीक्षेआधी पंधरा दिवसांची उजळणी, यांनाही ठोक रक्कम चालते, कारण इतक्या थोड्या दिवसांत मुलांची ये-जा होत नाही.

फक्त अशा वेळी दोन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. एक, ही रक्कम जास्तीत जास्त किती मुलांची आहे. पाच मुलांचं काम तेहेतीस तासांचं, म्हणून ९,९०० ठरले, असं सांगावं आणि सहावं मूल आलं तर त्याच्या वह्यांचे ६०० रुपये वर पडतील हेही सांगावं. दोन, पैसे एकाच व्यक्तीकडून, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, पूर्ण यावेत. आत कोण किती देतं यात बाईंनी पडू नये. बोलणं झालं की हे सगळं व्हॉट्सॲपवर चार ओळींत लिहून पाठवावं. ओळखीतल्या माणसांना लिखापढी परकी वाटते, म्हणून ती टाळली जाते, आणि पुढे ओळखच तुटते.

एकेकट्या मुलाला शिकवण्यापासून बॅचकडे जाताना पहिल्या विद्यार्थ्याचं काय, हा प्रश्न जवळपास प्रत्येकीपुढे येतो. एक मुलगी वर्षभर एकटी येत होती, तिचे पालक महिना ४,००० देत होते. आता तिला सहाजणांत बसवायचं. तिच्याकडून जुनीच फी घेतली तर ती अन्यायाची होईल आणि ते फार दिवस लपणारही नाही, कारण मुलं एकमेकांना फी विचारतात. त्यामुळे तिच्या पालकांना वर्ष सुरू होण्याआधी भेटून दोन्ही पर्याय सांगावेत: एकटीला शिकवणं हवं असेल तर त्याची फी ही, बॅचमध्ये येणार असाल तर सगळ्यांची ती तुमची. एका बॅचमध्ये एकच फी, हा नियम मोडू नये. कुणाची परिस्थिती अडचणीची असेल तर सवलत जरूर द्यावी, पण ती तुमच्या आणि त्या पालकांच्या पलीकडे जाऊ देऊ नये, आणि वर्षाचा दर काढताना तेवढी एक सवलत आधीच हिशेबात धरावी.

गणपतीत मूल आठवडाभर कोकणात गेलं तर फी कमी करावी का? माझं उत्तर नाही असं आहे. त्या मुलाची जागा रिकामी ठेवलेली असते आणि बाकीच्यांचा वर्ग चालूच असतो. परत आल्यावर बुडालेला धडा त्याला वेगळा समजावावा लागतो, म्हणजे काम वाढतंच. पण बाईंकडे सुट्टी झाली तर तेवढे तास भरून द्यावेत. मूल मध्येच सोडून गेलं तर मात्र पुढच्या महिन्यांचे आगाऊ घेतलेले पैसे परत करावेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत, पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच केंद्र सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं म्हटलं आहे. त्या सूचना पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांना उद्देशून आहेत, घरातल्या आठ मुलांच्या शिकवणीला नाहीत. तरी ही रीत घरीही पाळावी असं मला वाटतं. पैसे परत मिळाल्याचं पालक लक्षात ठेवतात आणि पुढच्या वर्षी धाकट्याला घेऊन येतात. शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकांना खासगी शिकवण्या घेण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार मनाई आहे, तेव्हा वरचा सगळा हिशेब नोकरीत नसलेल्यांसाठी आहे, हेही सांगून ठेवतो.

आणखी एक गोष्ट दर ठरवताना हमखास विसरते. दहावीची बॅच जूनमध्ये सुरू झाली तर फेब्रुवारीत संपते, कारण तेव्हा बोर्डाची परीक्षा येते. म्हणजे फी नऊ महिने मिळते, बारा नाही. सहा मुलांच्या बॅचचे वर्षाचे ९४,५०० होतात. महिन्याच्या १०,५०० वर घरखर्च बेतला असेल तर मार्च ते मे कसे काढायचे, याचा विचार जूनमध्येच करावा लागतो. वरच्या दोन-तीन महिन्यांची तजवीज करायची तर तासाचा दर तीनशेऐवजी थोडा वर धरावा लागेल.

या लेखातले तेवीस आणि दोन हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. तुमचे आकडे तुम्हालाच काढावे लागतील, आणि त्याला एक महिना पुरतो. रोज वह्या घेऊन बसताना घड्याळ बघा, उठताना बघा, आणि वहीच्या मागच्या पानावर मिनिटं लिहा. पालकांचे फोन, पेपर काढणं, झेरॉक्सच्या दुकानात खोळंबणं, सगळं लिहा. महिनाअखेरीला जे बॅचसाठी झालं ते एकीकडे आणि जे एकेका मुलासाठी झालं ते दुसरीकडे मांडा. फीचा आकडा पालकांना सांगण्याआधी एवढं नक्की करा.